पान हलतं तेव्हा पीडीएफमध्ये काय हलतं

काकांच्या फ्लॅटचा मूळ दस्त बँकेत तारण होता. घरात होती ती त्याची पाठपोट झेरॉक्स. दस्त ४४ पानांचा, म्हणजे कागद २२. काकांनी ती कोपऱ्यावरच्या दुकानात स्कॅन करायला दिली. दुकानातलं यंत्र एका वेळी कागदाची एकच बाजू वाचणारं होतं. दुकानदारानं आधी सगळ्या समोरच्या बाजू ओढून घेतल्या, मग गठ्ठा तसाच उलटा करून मागच्या बाजू घेतल्या आणि दोन फाइली पेनड्राइव्हवर टाकून दिल्या. पहिलीत १, ३, ५ अशी विषम पानं आणि दुसरीत उलट्या क्रमानं ४४, ४२, ४० अशी सम पानं. वकिलांना हवी होती एकच पीडीएफ, ओळीनं लावलेली. शिवाय दस्ताच्या मागे जोडायच्या जुन्या फाइलीतलं एक कोरं आलेलं पान काढून टाकायचं होतं, तिच्यातली आधारची प्रत बदलायची होती आणि शेवटी सोसायटीची पावती जोडायची होती.

पानांचा क्रम बदलणं, नको ते पान काढणं, हवं ते घालणं ही तीनही कामं या एका फाइलीत होती. यासाठी पैसे भरून सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही आणि घराचा दस्त अनोळखी संकेतस्थळावर चढवायची तर मुळीच नाही. आपल्याच संगणकावर चालणारी चांगली, मोफत साधनं बरीच आहेत. मात्र ती सगळी एका पद्धतीनं काम करत नाहीत, आणि कोणतं साधन कुठे चालेल हा प्रश्न त्या पद्धतीवरच सुटतो. म्हणून आधी फाइलीच्या आत डोकावू.

पीडीएफ हा प्रकार अडोबीनं १९९३ मध्ये आणला आणि २००८ मध्ये तो आयएसओचा खुला मानक झाला. त्याची रचना वहीसारखी नाही. वहीत पानं शिवलेली असतात. पीडीएफमध्ये प्रत्येक पान ही एक सुटी वस्तू असते, तिला क्रमांक असतो, आणि पानं कोणत्या क्रमानं दाखवायची याची एक यादी वेगळी ठेवलेली असते. तीन पानांच्या फाइलीत ती यादी साधारण अशी दिसते:

```
/Type /Pages
/Kids [4 0 R 9 0 R 15 0 R]
/Count 3
```

चौथी, नववी आणि पंधरावी वस्तू ही ती तीन पानं. दुसरं पान पहिलं करायचं असेल तर यादीत ९ आधी आणि ४ नंतर लिहायचं. काढायचं असेल तर ९ वगळायचं आणि संख्या २ करायची. दुसऱ्या फाइलीतलं पान घालायचं असेल तर ती वस्तू तिच्या फाँट आणि चित्रांसकट आणून ठेवायची आणि तिचा क्रमांक यादीत लिहायचा. पानावरच्या मजकुराला यात कुठेच हात लागत नाही. मोठ्या फाइलींमध्ये या यादीच्या पोटात आणखी याद्या असतात, पण तत्त्व हेच.

मराठी वापरणाऱ्याला याचं महत्त्व जास्त आहे. पीडीएफमध्ये ‘क्ष’ किंवा ‘र्द्र’ ही अक्षरं म्हणून नव्हे, तर फाँटमधल्या तयार आकृत्या म्हणून एका ठरावीक जागी ठेवलेली असतात. पान जसंच्या तसं हललं तर आकृत्याही जशाच्या तशा राहतात. पण एखाद्या प्रोग्रामनं पान उघडून त्यातला मजकूर पुन्हा अक्षरांत उतरवायचा आणि पुन्हा मांडायचा प्रयत्न केला, की ऱ्हस्व इकार भलत्याच अक्षरापुढे जाऊन बसतो, रफार गळतो, जोडाक्षरं फुटतात. लिब्रेऑफिस ड्रॉ पीडीएफ उघडतो तो असाच, म्हणजे चित्रं आणि मजकुराचे सुटे तुकडे करून. एखाद्या इंग्रजी पत्रकातली तारीख दुरुस्त करायला ते ठीक. ४४ पानांचा मराठी दस्त त्यात उघडून पानं ओढू नयेत. पीडीएफचं वर्डमध्ये रूपांतर करून, पानं हलवून पुन्हा पीडीएफ करणं याचाही परिणाम तोच.

आणखी एक वाट अनेकजण धरतात. फाइल ब्राउझरमध्ये उघडायची, प्रिंट म्हणायचं, छपाईच्या खिडकीत १ ते ११ आणि १३ ते ४४ एवढीच पानं लिहायची आणि प्रिंटरऐवजी पीडीएफ म्हणून जतन करायची. पान गळतं, हे खरं. पण ही फाइल मुळातली नसते, ती नव्यानं छापलेली असते. बाजूच्या अनुक्रमाच्या खुणा जातात, दुवे बहुधा जातात, आणि स्कॅनची चित्रं पुन्हा दाबली गेली तर शिक्क्यावरची बारीक अक्षरं पुसट होतात. शिवाय क्रम उलटापालटा करता येत नाही. घाईत एखादं पान वगळून कुणाला दाखवायचं असेल तर चालेल, कायम ठेवायच्या फाइलीसाठी ही वाट घेऊ नये.

आता यादी बदलणाऱ्या साधनांकडे. अडोबीचा मोफत वाचक यात मोडत नाही, पानांची जुळवाजुळव त्याच्या पैशाच्या आवृत्तीत आहे. मॅक वापरणाऱ्याला वेगळं काही बसवावं लागत नाही. प्रिव्ह्यूमध्ये बाजूला पानांच्या छोट्या प्रतिमा उघडल्या की त्या ओढून क्रम बदलता येतो, डिलीट कळीनं पान जातं आणि दुसऱ्या फाइलीतलं पान तिथून ओढून प्रतिमांच्या मध्ये सोडता येतं. त्याची एकच सवय जपायला हवी: तो बदल आपोआप मूळ फाइलीतच जतन करत जातो. म्हणून आधी फाइलीची प्रत काढायची आणि प्रतीवर काम करायचं.

विंडोज आणि लिनक्सवर माझा कौल पीडीएफ अरेंजरला. शोधताना नाव PDF Arranger असं टाकावं. पीडीएफ-शफलर नावाच्या जुन्या प्रोग्रामची ही पुढची पिढी आहे, मुक्त स्रोत आहे, आणि विंडोजवर न बसवता थेट चालणारी आवृत्तीही मिळते, त्यामुळे ऑफिसच्या संगणकावर परवानगीचा प्रश्न येत नाही. उघडल्यावर टेबलावर पत्ते मांडावेत तशी सगळी पानं समोर येतात. पान ओढायचं, निवडून डिलीट करायचं, दुसरी फाइल नेमक्या दोन पानांच्या मध्ये आणून सोडायची. चुकलं तर कंट्रोल झेड. तुम्ही ‘सेव्ह’ म्हणेपर्यंत डिस्कवरची फाइल जशी होती तशीच राहते.

पीडीएफसॅम बेसिक हे तिसरं नाव. ते मोफत आहे आणि खूप वर्षं टिकून आहे, पण त्याच्या मोफत आवृत्तीत पानांची चित्रं समोर दिसत नाहीत. पानांचे आकडे लिहून काम सांगावं लागतं. अनेक फाइली एकत्र करताना प्रत्येकीच्या अनुक्रम-खुणांचं काय करायचं हे ते नीट विचारतं, आणि दोन फाइलींची पानं एकाआड एक मिसळण्याची सोयही त्यात आहे. वीस फाइलींचा एक अहवाल करायचा असेल तर ते चांगलं. एखादं पान डोळ्यांनी पाहून काढायचं असेल तर अरेंजर बरा.

आणि चौथं, qpdf. याला खिडकीच नाही. आज्ञा टाइप करायची, एंटर दाबायचं. पीडीएफ अरेंजर ज्या पायावर उभा आहे त्या पायातला मुख्य दगडही हाच. आज्ञा टाइप करण्याचा कंटाळा असलेल्यांनीही तीन-चार आज्ञा लिहून ठेवाव्यात, कारण काही गोष्टी हातानं ओढून होण्यापेक्षा आज्ञेनं बिनचूक होतात. काकांच्या दस्ताचं तसंच झालं.

समोरच्या बाजूंच्या फाइलीला samor.pdf नाव दिलं, मागच्या बाजूंच्या फाइलीला pathi.pdf. दोन्ही एकाआड एक मिसळायच्या, पण दुसरी उलट्या क्रमानं वाचून. क्यूपीडीएफमध्ये शेवटच्या पानाला z म्हणतात, म्हणून z-1 म्हणजे शेवटापासून पहिल्यापर्यंत:

```
qpdf --empty --collate --pages samor.pdf 1-z pathi.pdf z-1 -- dast.pdf
```

पीडीएफ अरेंजरमध्ये हेच करायचं तर pathi.pdf वेगळ्या खिडकीत उघडायची, सगळी पानं निवडून उजव्या क्लिकनं क्रम उलटा करायचा, कॉपी करायचं आणि samor.pdf च्या खिडकीत ‘पेस्ट स्पेशल’ मधून सम पानांच्या जागी चिकटवायचं. गठ्ठा उलटताना पानं डोक्यावर आली असतील तर ती सगळी निवडून दोनदा फिरवली की सरळ होतात. पान फिरवणं म्हणजेही चित्राला हात लावणं नव्हे. पानाच्या नोंदीत ९०, १८० असा एक आकडा लिहिला जातो, एवढंच.

एकत्र झालेली फाइल उघडली. पहिली दहा-बारा पानं पाहिली, सगळं जागच्या जागी. तिथेच थांबलो असतो तर चूक वकिलांपर्यंत गेली असती. नोंदणी झालेल्या दस्ताच्या प्रत्येक पानावर दुय्यम निबंधक कार्यालयाचा चौकटीचा शिक्का असतो. त्यात दस्ताचा क्रमांक, पानाचा क्रमांक आणि एकूण पानं हातानं लिहिलेली असतात. पान लावताना याहून चांगला साक्षीदार नाही. काका शेजारी बसून शिक्क्यातले आकडे वाचत होते आणि मी पानं पुढे नेत होतो. “पंधरा, सोळा, सतरा… वीस. थांब रे, हे वीस कसं आलं?” मग एकोणीस, मग बावीस, मग एकवीस. सतराव्या पानापर्यंत क्रम बरोबर, तिथून पुढे प्रत्येक सम पान दोनानं पुढचं. शेवटी ४४, मग ४३, आणि संपलं.

एकूण पानांची संख्या विचारली:

```
qpdf --show-npages dast.pdf
```

उत्तर आलं 43. म्हणजे समोरच्या बाजू २२ होत्या, पाठी २१. यंत्रानं दुसऱ्या फेरीत दोन कागद चिकटून एकदम ओढले आणि नवव्या कागदाची पाठ, म्हणजे १८ वं पान, वाचलंच गेलं नाही. झेरॉक्सच्या कागदाला स्थिर वीज असेल, किंवा कागद नवे वा दमट असतील तर हे होऊ शकतं. यंत्र तक्रार करत नाही, मिसळणारी आज्ञाही करत नाही. जास्तीचं पान ती मुकाट शेवटी ठेवून देते. म्हणून दोन फाइली मिसळण्याआधी दोन्हींची पानं मोजायची. आकडे जुळले तरच पुढे जायचं. हा धडा त्या दिवशी काकांच्या टेबलावर मिळाला.

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. मिसळलेल्या ४३ पानांच्या फाइलीत १८ वं पान घालून त्यापुढची तेरा सम पानं एकेक करून ओढायची, किंवा मागे जाऊन pathi.pdf आधी पूर्ण करायची. पहिल्यात हात चुकण्याच्या तेरा जागा आहेत. दुसऱ्यात एकच काम. काकांनी नववा कागद पुन्हा दुकानात नेला, त्याच्या पाठीचं स्कॅन pan18.pdf म्हणून आणलं. आता ते कुठे घालायचं? pathi.pdf उलट्या क्रमाची. ४४ पहिलं, ४२ दुसरं, अशा मोजणीनं २० वं पान तेराव्या जागी येतं. त्याच्या मागोमाग १८ हवं:

```
qpdf pathi.pdf --pages . 1-13 pan18.pdf 1 . 14-z -- pathi-purn.pdf
```

यातला टिंब म्हणजे ‘सुरुवातीला नाव दिलेली तीच फाइल’. तेरा पानं, मग नवं एक, मग उरलेली आठ, एकूण २२. त्यानंतर मिसळण्याची पहिलीच आज्ञा pathi-purn.pdf घेऊन पुन्हा चालवली. ४४ पानं आली. काकांनी शिक्के पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले.

दस्ताच्या मागे जोडायचे बाकीचे कागद मी अरेंजरमध्ये ओढूनच लावले, कारण तिथे डोळ्यांनी पाहणं सोयीचं. कोरं पान निवडून काढलं. सोसायटीची पावती काकांनी फोनवर फोटो काढून पाठवली होती. अरेंजर फोटोही थेट पान म्हणून घेतो. पण घेतल्यावर एक विचित्र गोष्ट दिसली: बाकी पानं शेजारी शेजारी नखाएवढी आणि पावती त्यांच्यावर दार उघडल्यासारखी मोठी. कारण साधं आहे. पीडीएफमधल्या पानाला खरं माप असतं, ते पॉइंटमध्ये मोजतात आणि ७२ पॉइंटांचा एक इंच. ए-फोर म्हणजे ५९५ बाय ८४२ पॉइंट, लीगल कागद ६१२ बाय १००८. फोटोला मात्र कागदाचं माप नसतं, नुसते ठिपके असतात. ४००० ठिपके रुंदीचा फोटो इंचाला ७२ ठिपके या हिशेबानं पान झाला तर ते पान १४१ सेंटिमीटर रुंद होतं. पडद्यावर तो मोठा दिसतो एवढाच त्रास नाही. छापताना काही प्रिंटर ‘मूळ मापानं’ छापायला जातात आणि पावतीचा फक्त कोपरा कागदावर येतो. उपाय म्हणजे त्या पानाचं माप अरेंजरच्या पान-मापाच्या खिडकीतून ए-फोर करणं, किंवा फोनवरच्या स्कॅनर अॅपमधून फोटोऐवजी ए-फोर पीडीएफच घेणं. दस्त लीगल कागदावर आणि पावती ए-फोरवर असणं मात्र अगदी चालतं, एका फाइलीत वेगवेगळ्या मापांची पानं राहू शकतात. सगळी एका मापाची करण्याच्या नादात दस्त आक्रसून टाकू नये.

आधारच्या प्रतीचं काम थोडं जपून करावं लागलं. जुन्या फाइलीत पूर्ण क्रमांकाची प्रत होती. तिच्या जागी पहिले आठ आकडे झाकलेली प्रत घालायची होती, जी आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच मिळते. एक पान काढलं, एक घातलं. पण ‘काढलं’ म्हणजे नक्की काय झालं, हा प्रश्न इथे खरा महत्त्वाचा ठरतो.

यादीतून नाव वगळलं म्हणून वस्तू फाइलीतून गेली असं नाही. पीडीएफमध्ये जुनी फाइल जशीच्या तशी ठेवून बदल शेवटी जोडण्याची सोय आहे. काही संपादक प्रोग्राम झटपट जतन करताना तीच वापरतात. तिथे काढलेलं पान वाचकात दिसत नाही, पण फाइलीच्या पोटात तसंच असतं, आणि जाणकार माणूस ते परत काढू शकतो. ओळखायची खूण सोपी: पान काढल्यावर फाइल लहान होण्याऐवजी काही बाइटनं मोठी होते. अरेंजर आणि क्यूपीडीएफ असं करत नाहीत, ते फाइल पहिल्यापासून नव्यानं लिहितात आणि यादीत नसलेली पानं उचलत नाहीत.

तरीही एक फट उरते. काही स्कॅनर आणि प्रोग्राम सगळ्या पानांच्या चित्रांची मिळून एकच सामायिक पेटी करतात आणि प्रत्येक पान त्या पेटीकडे बोट दाखवतं. अशा फाइलीतलं एक पान जरी वेगळं काढलं तरी त्याच्याबरोबर अख्खी पेटी येऊ शकते. मग ३० एमबीच्या फाइलीतून काढलेलं एकच पान २९ एमबीचं भरतं. ईमेलला ते जड होतं हा लहान त्रास. वगळलेल्या पानांची चित्रं आत शिल्लक आहेत, हा मोठा. क्यूपीडीएफ अशी पेटी दिसली तर न लागणाऱ्या वस्तू स्वतःहून काढायचा प्रयत्न करतो, आणि खात्री हवी तर स्पष्ट सांगता येतं:

```
qpdf dast.pdf --remove-unreferenced-resources=yes --pages . 1-11,13-z -- nava.pdf
```

काही खासगी पान काढून फाइल कुणाला द्यायची असेल तर आकार तपासायचा. काढलेल्या पानांच्या प्रमाणात तो उतरला पाहिजे. नाही उतरला तर ती फाइल बाहेर जाऊ द्यायची नाही.

आतापर्यंत स्कॅनबद्दल बोललो. स्कॅनमध्ये पानाकडे बोट दाखवणारं दुसरं कुणी नसतं, म्हणून तिथे पानं हलवणं निर्धोक. वर्डमधून किंवा इनडिझाइनमधून आलेल्या पुस्तकाचं, प्रबंधाचं तसं नाही. तिथे बाजूला प्रकरणांच्या खुणा असतात, अनुक्रमणिकेवर क्लिक केलं की प्रकरण उघडतं, आणि हे सगळे दुवे पानाच्या जागेकडे नव्हे, तर त्या पानाच्या वस्तूकडे बोट दाखवतात. त्यामुळे पान नुसतं मागे-पुढे झालं तर दुवा त्याच्या मागोमाग जातो. पान काढलं तर दुवा हवेत राहतो, क्लिक केलं तरी काही घडत नाही. आणि खुणांची यादी तर पानांत नसतेच, ती फाइलीच्या मुळाशी वेगळी ठेवलेली असते. नव्या फाइलीत फक्त पानं उचलून नेली तर ती यादी मागेच राहते.

भाचीच्या प्रबंधाचं उदाहरण देतो. २६० पानं, सहा प्रकरणं, खुणा नीट लावलेल्या. दुसऱ्या पानावर मार्गदर्शकांच्या सहीचं प्रमाणपत्र कोरं होतं. सही झाल्यावर ते स्कॅन करून त्या जागी घालायचं होतं. तिनं आधी एका साधनात दोन्ही फाइली ओढून नवी फाइल केली. प्रमाणपत्र बरोबर बसलं, पण बाजूची खुणांची पट्टी रिकामी झाली. कारण त्या साधनानं कोऱ्या फाइलीत पानं भरली होती. क्यूपीडीएफमध्ये प्रबंधालाच मूळ फाइल केलं की त्याच्या मुळाशी असलेलं सगळं टिकतं:

```
qpdf prabandh.pdf --pages . 1 sahi.pdf 1 . 3-z -- prabandh-antim.pdf
```

दस्ताच्या वेळी वापरलेला `--empty` इथे नाही, हाच सगळा फरक. त्या शब्दाचा अर्थ ‘कोऱ्या फाइलीपासून सुरुवात कर’. स्कॅनला तो बरोबर, प्रबंधाला चुकीचा. या फाइलीत सगळ्या खुणा राहिल्या, फक्त ‘प्रमाणपत्र’ ही एक खूण मेली, कारण ती जुन्या, आता नसलेल्या पानाकडे पाहत होती. ती एक खूण मेलेली चालणार होती. अरेंजर वापरायचा झाला तर जतन केलेली फाइल वाचकात उघडून खुणांची पट्टी आणि दोन-तीन दुवे तपासूनच मूळ फाइल बाजूला ठेवावी.

प्रबंधात आणखी एक घोटाळा हमखास होतो तो आकड्यांचा. सुरुवातीची ऋणनिर्देश, अनुक्रमणिका वगैरे आठ पानं वेगळ्या आकड्यांची, आणि १ हा आकडा प्रस्तावनेपासून. छापलेलं पान ४५ म्हणजे फाइलीतलं ५३ वं. वाचक प्रोग्राम कधी छापील आकडा दाखवतो, कधी जागेचा, कधी दोन्ही. साधनं मात्र सगळी जागाच मोजतात. ‘४५ वं पान काढ’ म्हटलं तर ते छापील ३७ वं काढतील. शिवाय हे छापील-आकडे वाचकाला सांगणारी नोंद जागेनुसार असते, म्हणून सुरुवातीला एक पान वाढवलं की पुढची सगळी लेबलं एका पानानं सरकू शकतात, पण पानावर प्रत्यक्ष छापलेला आकडा आणि अनुक्रमणिकेतली ओळ जिथल्या तिथे. पान बदलून पान घातलं तर हा त्रास नाही. पान वाढवायचं असेल तर ते मूळ वर्ड फाइलीतच वाढवून पीडीएफ पुन्हा करणं हाच सरळ मार्ग.

उरला एक प्रकार, ज्यात पान हलवूच नये. डिजिटल सहीचा सातबारा, डिजिटल सहीचं कुठलंही प्रमाणपत्र. डिजिटल सही पानावरच्या अक्षरांवर नसते, ती फाइलीच्या बाइटवर असते. सहीच्या नोंदीत लिहिलेलं असतं की इथून इथपर्यंतच्या बाइटची मी हमी देते. एखादं पान पुढे-मागे केलं, एक कोरं पान जोडलं, अगदी काहीही न बदलता दुसऱ्या प्रोग्राममधून नव्यानं जतन केलं तरी ते बाइट बदलतात आणि हमी संपते. नव्या फाइलीत सहीचा चौकोन दिसतो, नाव आणि तारीखही दिसते, पण ते नुसतं चित्र उरतं. अडोबीच्या वाचकात सह्यांची पट्टी उघडली की एकतर सही अवैध असल्याचं दिसतं किंवा सहीच दिसत नाही. गावाकडच्या जमिनीच्या कामात मामांनी पाच सातबारे एकत्र करून पाठवले होते, आणि समोरच्यांनी ते परत पाठवून सुटे मागवले. मागणी रास्त होती.

सुटे पाठवणं शक्य नसेल, एकच फाइल चढवायची जागा असेल, तर पीडीएफच्या आत अख्खी फाइल जोडपत्र म्हणून ठेवता येते. तिचे बाइट तसेच राहतात, म्हणून ती बाहेर काढली की सहीही शाबूत असते:

```
qpdf mukhya.pdf --add-attachment satbara.pdf -- sobat.pdf
```

समोरच्याला मात्र कळवावं लागतं की जोडपत्र आत आहे आणि ते वाचकाच्या क्लिपच्या चिन्हाखाली दिसेल, कारण ब्राउझरमध्ये फाइल उघडणाऱ्याला बहुधा त्याचा पत्ताच लागत नाही. मुख्य पानांत सातबाऱ्याची साधी प्रत वाचण्यासाठी आणि जोडपत्रात सहीची मूळ फाइल, अशी मांडणी मामांच्या दुसऱ्या वेळच्या कागदांना चालली.

कुलूप असलेल्या फाइलीचंही थोडं असंच. डाउनलोड केलेला ई-आधार नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष या पासवर्डनं उघडतो. तो अरेंजरमध्ये पासवर्ड देऊन घेता येतो, पण त्यातलं पान दस्ताच्या फाइलीत गेलं की ते कुलपाबाहेर आलं असंच धरावं. काकांच्या फाइलीत झाकलेल्या आकड्यांची प्रत घातली ती याचसाठी.

शेवटची फाइल पाठवण्याआधी तिची प्रकृती तपासली:

```
qpdf --check kaka-flat.pdf
```

फाइलीच्या रचनेत मोडतोड नाही असं उत्तर आलं. दस्ताची ४४ पानं, झाकलेल्या आधारचं एक आणि पावतीचं एक, अशी ४६ पानं झाली होती. samor.pdf, pathi.pdf आणि pan18.pdf या मूळ फाइली एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून दिल्या. काकांनी ती ४६ पानं त्यांच्या फोनवर पुन्हा एकदा उलटून पाहिली आणि मग वकिलांना पाठवली.